जागच्या चिकणमातीचा शेततळ्याचा बांध: तो कुठून गळतो आणि न गळणारा कसा घालायचा

एका तरुण शेतकऱ्याशी बांधाच्या जागेवर उभं राहून झालेलं हे बोलणं आहे. त्याच्या शेतातून एक उथळ ओघळ जाते. ती आडवी अडवायला ४० मीटर लांबीचा बांध लागतो आणि मधोमध त्याची उंची अडीच मीटर भरते. वरची वीतभर माती भुसभुशीत, तिच्याखाली गडद तपकिरी चिकणमाती, आणि डाव्या काठाला मुरमाचा एक पट्टा. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथेच घातलेला बांध पहिल्या पावसातच पायथ्याशी पाझरू लागला आणि महिन्याभरात तळं कोरडं पडलं. त्याचे प्रश्न त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

काका, माती तर चांगली चिकण होती. मग बांध गळला कसा?

चिकणमाती सहसा गळत नाही. गळतो तो सांधा. बांध आणि खालची जमीन यांचा सांधा, कालचा थर आणि आजचा थर यांचा सांधा, ढेकूळ आणि ढेकूळ यांच्यामधली फट, आणि बांधातून पाइप नेला असेल तर पाइप आणि माती यांच्यामधली जागा. पाण्याला एवढीशी वाट पुरते. एकदा वाट मिळाली की जाता जाता ते मातीचे कण सोबत नेतं आणि वाट रुंद होत जाते.

तुमच्या जुन्या बांधाचा एक भाग आपण फावड्याने उभा कापून पाहिला. आत मुठीएवढी ढेकळं जशीच्या तशी दिसत होती, त्यांच्या मध्ये कोरडी भुकटी होती. तळाशी तर गवताची मुळं आणि पालापाचोळ्याचा काळा पट्टा सलग पसरला होता. म्हणजे गवत न काढता त्यावरच माती ओतली आणि ती कोरडीच दाबली. पाणी त्या काळ्या पट्ट्यातूनच बाहेर आलं. माती बदलायची गरज नाही, बांधायची पद्धत बदलायची आहे.

पण हीच माती चालेल, याची खात्री कशी करायची?

तीन परीक्षा घ्या. तिन्ही घरच्या घरी होतात.

पहिली हाताची. मूठभर माती भिजवून मऊ मळा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दाबत दाबत तिची पट्टी पुढे सरकवत न्या. पट्टी ५ सेंटीमीटरपर्यंत न तुटता लोंबत राहिली तर चिकणपणा पुरेसा आहे. दोन-अडीच सेंटीमीटरलाच तुटली तर वाळू किंवा गाळवट माती जास्त आहे. अशी माती बांधाच्या बाहेरच्या अंगाला वापरा, गाभ्यात नको.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच कुणी करत नाही. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. त्यात मातीचा हरभऱ्याएवढा खडा अलगद सोडा आणि न ढवळता तासभर बघत राहा. खडा विरघळून बारीक कणांचा ढीग झाला, पण पाणी नितळ राहिलं, तर काळजी नाही. खड्याभोवती दुधासारखं ढगाळ वलय तयार झालं आणि ते तळाशी पसरत गेलं, तर ती माती पाण्यात आपोआप विखुरते. हाताला ती कितीही चिकट लागली तरी बांधाच्या आत साध्या पाझरानेही तिच्यात बीळ पडतं. विहिरीचं पाणी इथे वापरू नका. त्यातले क्षार हे विखुरणं दाबून टाकतात आणि परीक्षा खोटी ठरते. तळ्यात शेवटी पावसाचंच पाणी येणार आहे, म्हणून परीक्षाही त्याच पाण्याची. वलय दिसलं तर माझा सल्ला सरळ आहे: दुसऱ्या जागची माती शोधा. जिप्सम किंवा चुना मिसळून अशी माती सुधारता येते, पण प्रयोगशाळेत तपासून प्रमाण ठरवायचं आणि ते प्रत्येक थरात सारखं मिसळायचं, हे छोट्या कामात क्वचितच नीट साधतं.

तिसरी परीक्षा बाटलीची. प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटलीचा तळ कापा, ती उलटी धरा, बूच काढून तोंडाशी कापडाचा तुकडा लावा. आत ओलसर माती दोन-दोन बोटांच्या थरांनी ठासून १० सेंटीमीटर भरा आणि वर पाणी ओता. पहिला दिवस सोडून द्या. नंतरही थेंब पडत राहिले तर एक तर माती कमी चिकण आहे किंवा ठासण्यात ढिलाई झाली. पुन्हा, थोडी जास्त ओली करून ठासून पहा. अनेकदा तीच माती दुसऱ्या वेळी थेंबही सोडत नाही. ओलाव्याचा फरक त्या बाटलीत डोळ्यांनी दिसतो, म्हणून ही परीक्षा मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावतो.

तुमच्या मातीने तिन्ही परीक्षा पार केल्या. एक मात्र लक्षात ठेवा. माती जितकी जास्त चिकण, तितकी ती वाळल्यावर भेगाळते. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

सुरुवात कुठून करायची?

जमिनीखालून. बांधाची आखणी करून त्या पूर्ण पट्ट्यावरची वरची माती गवत-मुळांसकट काढून बाजूला रचा. ती पुढे बाहेरच्या उतारावर पसरायला लागेल. जुन्या बांधाची माती पण पूर्ण काढायची, त्या काळ्या पट्ट्यासकट. जुन्या गळक्या बांधावर नवी माती चढवून गळती थांबत नाही.

मग बांधाच्या मधल्या रेषेवर चर खणायची. हिला गाभ्याची चर म्हणतात आणि बांधाची अर्धी मजबुती इथेच ठरते. वरच्या सैल किंवा पाझरणाऱ्या थरातून खाली, पाणी न सोडणाऱ्या घट्ट थरात किमान अर्धा मीटर शिरेपर्यंत ती खोल हवी. तुमच्या जागी मध्यभागी १ मीटर पुरते. डाव्या काठाला मात्र मुरमाच्या पट्ट्याखाली चिकणमाती लागेपर्यंत खाली जावं लागेल. तिथे कंटाळा केला तर पाणी बांधाला वळसा घालून मुरमातून निघून जाईल आणि बांध उगाचच बदनाम होईल. दर ८-१० मीटरवर आधी एक खड्डा घेऊन थर कसे आहेत ते पाहून ठेवा, म्हणजे खोली अंदाजाने ठरवावी लागणार नाही.

चरीचा तळ दीड मीटर रुंद ठेवा, नाहीतर आत ट्रॅक्टर उतरणार नाही आणि दाबण्याचं काम मग मनावर राहील. कडा उभ्या ठेवू नका. जेवढी खोली तेवढाच उतार प्रत्येक बाजूला द्या. उभ्या कडेला माती नीट दबत नाही, आणि भरलेली माती खचली की कडेलगत फट पडते. दोन्ही काठांना बांध जिथे जमिनीला भिडतो तिथेही हाच नियम: पायऱ्या नकोत, सपाट उतार हवा.

किती माती लागेल?

आकार आधी ठरवू. माथा २ मीटर रुंद. पाण्याकडचा उतार अडीचास एक, म्हणजे १ मीटर उंचीला अडीच मीटर आडवं. बाहेरचा उतार दोनास एक. अडीच मीटर उंचीला पाया भरतो २ अधिक ६.२५ अधिक ५, म्हणजे १३.२५ मीटर. लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो आणि ते उतार उभे करून माती वाचवायला बघतात. पाण्याने भिजलेली चिकणमाती उभ्या उतारावर टिकत नाही, घसरते. ही बचत करू नका.

ओघळ इंग्रजी व्ही अक्षरासारखी आहे, त्यामुळे अडीच मीटर उंची फक्त मध्यावर आहे आणि दोन्ही टोकांना ती शून्यावर येते. त्या हिशोबाने बांधाला सुमारे २९० घनमीटर आणि चरीला १०० घनमीटर, अशी ३९० घनमीटर दाबलेली माती लागते. खणलेली सैल माती दाबल्यावर बसते, म्हणून प्रत्यक्षात ५०० घनमीटर, म्हणजे जवळपास १७५ ब्रास माती हलवावी लागेल. माथा मध्यावर आणखी १५ सेंटीमीटर उंच ठेवा, कारण पहिल्या एक-दोन वर्षांत बांध थोडा बसतोच.

माती तळ्याच्या पोटातून घ्यायची, पण बांधाच्या पायथ्यापासून ४-५ मीटर सोडून. आणि तळाशी चिकणमातीचा किमान अर्ध्या मीटरचा थर शिल्लक ठेवायचा. खणता खणता खाली वाळू किंवा मुरूम उघडा पडला की तळ्याला भोक पडलं असं समजा. तिथे लगेच चिकणमाती परत भरून दाबा.

ओलावा किती हवा? पाणी मारून मारून चिखल करायचा का?

चिखल नाही आणि कोरडीही नाही. सगळ्या कामाचा जीव या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चिकणमातीचं ढेकूळ कोरडं असताना दगडासारखं असतं. त्यावरून रोलर गेला तरी ते फुटत नाही, नुसतं शेजारच्या ढेकळाला टेकतं. मधल्या फटी तशाच राहतात. तीच माती योग्य ओली असेल तर ढेकूळ मऊ होऊन चेपतं आणि शेजारच्यात मिसळून जातं. फट उरतच नाही. उलट पाणी जास्त झालं तर कणांमधली जागा पाण्यानेच भरलेली असते, ती दाबून निघत नाही आणि चाकाखाली थर रबरासारखा हलत राहतो.

योग्य ओलावा असा ओळखा. चिमूटभर माती सपाट फळीवर तळहाताने वळून तिची बारीक वळी करा. आगपेटीच्या काडीपेक्षा किंचित जाड, साधारण ३ मिलिमीटर झाली की ती तुटायला लागली पाहिजे. त्याआधीच भुगा झाला तर पाणी कमी. वळी त्याहून बारीक दोऱ्यासारखी होत गेली आणि बोटांना माती चिकटू लागली तर पाणी जास्त. ३ मिलिमीटरला जेमतेम टिकते, हीच ती वेळ. गाभ्यासाठी त्याहून अगदी थोडी ओली चालेल, कोरडी मात्र नको.

पाणी किती लागतं तेही पहा. माती जागेवर १२ टक्के ओली असेल आणि आपल्याला १८ टक्के हवी असेल, तर दर घनमीटरला सुमारे १०० लिटर पाणी घालावं लागतं. ३९० घनमीटरला ३९,००० लिटर. उन्हाळ्यात उडून जाणारं वेगळंच. म्हणून काम सुरू करण्याआधी पाण्याची सोय पक्की करा. मशीन दारात येऊन उभं आहे आणि पाणी नाही, अशा वेळी माती कोरडीच दाबली जाते. तुमच्या जुन्या बांधाचं नेमकं तेच झालं होतं.

पाणी बांधावर शिंपडण्यापेक्षा, जिथून माती खणायची तिथेच आदल्या दिवशी सोडा. चिकणमातीत पाणी हळू मुरतं. रात्रभर मुरलं की ढेकूळ आतपर्यंत ओलं होतं. बांधावर पाइपाने मारलेलं पाणी ढेकळाला वरून नुसतं चिकट करतं, आत ते कोरडंच राहतं. एखादं ढेकूळ हाताने फोडून बघा: आतला रंग फिका दिसला तर अजून थांबा.

दाबायचं कशाने आणि किती?

सैल थर २० सेंटीमीटरपेक्षा जाड नको. तो दबून १५ सेंटीमीटर व्हायला हवा. चरीच्या तळापासून माथ्यापर्यंत साडेतीन मीटर म्हणजे २३-२४ थर झाले. मुठीएवढी ढेकळं पसरतानाच रोटाव्हेटरने किंवा कुदळीने फोडा, मुळं आणि लिंबाएवढे दगड वेचून काढा.

खुरांचा, म्हणजे दातेरी रोलर मिळाला तर सर्वांत उत्तम. तो थर खालून वर दाबत येतो आणि वरचा थर खालच्यात रोवतो. तो नसेल तर भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चालेल, पण प्रत्येक फेरी चाकाच्या रुंदीने सरकवत न्यायची, म्हणजे पूर्ण थरावर चाक फिरेल. प्रत्येक जागेवरून ६ ते ८ फेऱ्या. साखळीच्या चाकांच्या मशीनवर भरवसा ठेवू नका. ते दिसायला जड, पण साखळीवर वजन पसरतं आणि जमिनीवर दाब कमी येतो. ते माती पसरवायला चांगलं आहे, दाबायला नाही.

थर दबला की नाही याची माझी सोपी परीक्षा: दबलेल्या थरात घागरीच्या तोंडाएवढा खड्डा खणा, सगळी माती घमेल्यात गोळा करा आणि न ठोकता परत खड्ड्यात ओता. चांगल्या दबलेल्या थराची माती खड्ड्यात मावत नाही, वर चांगला ढीग उरतो. सगळी आत बसली तर तो थर पुन्हा दाबायचा. खड्ड्याची कडा पण पहा. ती चाकूने कापलेल्या साबणासारखी सलग दिसावी, ढेकळांची नक्षी दिसू नये.

आता थरांचा सांधा. दबलेला थर वरून गुळगुळीत होतो आणि त्यावर पुढचा थर नुसता बसतो, चिकटत नाही. म्हणून प्रत्येक थर टाकण्याआधी खालचा पृष्ठभाग ४-५ सेंटीमीटर कुळवून खरबरीत करा आणि हलकं पाणी शिंपडा. दुपारच्या जेवणाला काम थांबलं तरी ऊन असेल तर वर पापडी धरते, तीही मोडा. पाऊस पडून वर चिखल झाला तर तो खरवडून टाका. त्यासाठीच थराला पाण्याच्या बाजूकडे किंचित कल द्या.

बांध पूर्ण लांबीचा एकदम वर आणा. आधी दोन्ही बाजू उंच करून मधली खिंड शेवटी बुजवू नका. तिथे दोन उभे सांधे तयार होतात आणि तेही बांधाच्या सर्वांत उंच भागात. आणि कडांना रोलर पोचत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी ३० सेंटीमीटर जास्त रुंद बांधून शेवटी सैल कड छाटून टाका.

खाली पाणी सोडायला बांधातून एक पाइप टाकू का?

शक्यतो नको. हे मी स्वतःच्या नुकसानातून सांगतो. माझ्या तळ्यात पाइप ठेवून वरून थर दाबले. चाक पाइपावरून गेलं, पण पाइपाच्या गोलाईखालच्या दोन्ही बगला पोकळच राहिल्या. पहिल्या भरण्यात तिथून बोटाएवढी धार आली आणि दोन दिवसांत ती मनगटाएवढी झाली. तळं रिकामं करून बांध फोडावा लागला.

पाणी उपसायला पंप किंवा माथ्यावरून जाणारा सायफन पाइप पुरतो. पाइप टाळता येतच नसेल तर आधी बांध पाइपाच्या पातळीच्या वर अर्धा मीटर दाबून आणा, मग त्या दबलेल्या मातीत चर कापून पाइप बसवा. बगलांमध्ये ओली चिकणमाती ८-१० सेंटीमीटरच्या थरांनी हाताच्या धुमसाने ठोका, मशीनने नाही. बाहेरच्या टोकाकडच्या एक तृतीयांश भागात पाइपाभोवती स्वच्छ भरड वाळूचा जाड वेढा द्या. चुकून पाणी आलंच तर वाळू त्याला बाहेर जाऊ देते, मातीचे कण मात्र अडवते.

सांडवा आणि बाकीचं?

सांडवा भरावावर कधीही नको. उजव्या काठाच्या मूळ, न खणलेल्या जमिनीतून तो रुंद आणि सपाट कापा. सांडव्याच्या तळापासून बांधाचा माथा, बसल्यावरही, किमान ७५ सेंटीमीटर वर राहिला पाहिजे. मातीचा बांध माथ्यावरून वाहिला की काही तासांत वाहून जातो. सांडव्याची रुंदी वरून येणाऱ्या पाणलोटावर ठरते, ती मात्र जाणकाराकडून काढून घ्या. बांध ३ मीटरपेक्षा उंच होत असेल किंवा खाली घरं असतील तर आराखडाही अभियंत्याकडूनच हवा.

पायथ्याशी बाहेरच्या अंगाला वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असा निचरा द्या. मातीला थेट दगड टेकवू नका, फटीतून माती निघून जाते. भेगांवरचा उपाय म्हणजे झाकण: माथ्यावर आणि बाहेरच्या उतारावर ३० सेंटीमीटर मुरूम किंवा राखून ठेवलेली वरची माती टाका, उतारावर गवत लावा. पाण्याकडे दगडांची पिचिंग. झाड एकही नको. त्याची मुळं कुजली की बिळं उरतात.

पहिल्यांदा भरल्यावर काय बघायचं?

जमलं तर एका दमात भरू देऊ नका. उपसा करून पाणी अर्ध्यावर रोखा आणि आठवडाभर रोज बाहेरचा पायथा चालत फिरा. जमीन नुसती ओलसर असेल किंवा स्वच्छ पाणी पाझरत असेल तर तिथे खुंटी ठोकून लक्ष ठेवा. पाणी गढूळ येत असेल तर आतली माती वाहतेय. तेव्हा पहिलं काम तळ्याची पातळी उतरवणं. बाहेरून त्या तोंडावर माती थापून ते बंद करू नका, पाणी आत दाबाने दुसरी वाट फोडतं. तोंडावर वाळू, मग खडी असा भार टाका, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. गळती बुजवायची ती पाण्याच्या बाजूने, तळं उतरल्यावर: ती जागा खणून, ओली माती थरांनी दाबून.

पातळी उतरतेय ती गळतीने की उन्हाने, हेही मोजा. तळ्याच्या काठाशी उथळ पाण्यात एक रुंद टब अर्धा बुडेल असा ठेवा, त्यात बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा. आठवडा बिनपावसाचा हवा आणि उपसा बंद. समजा तळं ११ सेंटीमीटर उतरलं आणि टब ५, तर उरलेले ६ पाझरातले. म्हणजे दिवसाला साधारण ९ मिलिमीटर. नव्या तळ्यात हा आकडा मी स्वीकारतो, कारण गाळ बसत जातो तसा तो घटतो. पुढच्या महिन्यात तसंच मोजून पहा. आकडा तसाच राहिला किंवा वाढला, तर सर्वांत आधी डाव्या काठाचा मुरमाचा पट्टा तपासा.